एक दिवसाच्या शेतसहलीचा दर कसा ठरवावा? (गट आणि शाळांसाठी वेगळे दर)

अंजीरबाग

नमस्कार. पुरंदर तालुक्यात सासवडजवळ आमची सहा एकर शेती आहे. त्यात अंजीर आणि सीताफळाची बाग आहे, आणि उरलेल्या क्षेत्रात वाटाणा, ज्वारी व घरापुरता भाजीपाला होतो. कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंदणी झाली आहे. येत्या हंगामापासून फक्त दिवसभराची सहल सुरू करायची आहे, मुक्काम ठेवायचा नाही. सकाळी साडेनऊला नाश्ता, मग मार्गदर्शकाबरोबर शिवारफेरी, दुपारी पिठलं-भाकरी आणि भरल्या वांग्याचे जेवण, नंतर बैलगाडी, विटी-दांडू, फळतोडणी, आणि पाच वाजता चहा देऊन निरोप, असा बेत आहे.

दर मी असा योजला आहे: प्रौढांना ७०० रुपये, पंधरा किंवा त्याहून अधिक लोकांच्या गटाला २० टक्के सवलत म्हणजे ५६०, आणि शाळेच्या मुलांना निम्मा म्हणजे ३५०. आजूबाजूच्या केंद्रांचे दर याच्या आसपास आहेत. पण आकडे कागदावर मांडू लागले की हे दर आम्हाला परवडतील की नाही याची खात्री वाटत नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आगरातली

ताई, आमचे दिवेआगरजवळ घर आहे आणि आम्ही पाहुणे ठेवतो. माझा सल्ला असा की खोलीचा दर वेगळा ठेवा आणि जेवणाचा वेगळा. शनिवारी रात्रीचा दर चढा ठेवा, मधल्या वारी तो कमी करा. चादरी, गरम पाणी, सकाळची साफसफाई हा खर्च लोक धरत नाहीत आणि नंतर पस्तावतात.

अंजीरबाग

धन्यवाद ताई. आमच्याकडे मुक्काम नाही, त्यामुळे खोल्यांचा प्रश्न येत नाही. मात्र मधल्या वारांचा मुद्दा मला शाळांच्या बाबतीत महत्त्वाचा वाटतो.

खतावणी

मी हिशेबाचे काम करतो. यात फारसे अवघड काही नाही. हंगामात दर सुट्टीच्या दिवशी सरासरी किती माणसे येतील हे धरा, त्या दिवसाचा एकूण खर्च काढा, माणशी भाग घाला आणि त्यावर ३० टक्के नफा लावा. खर्चात स्वतःची आणि घरच्यांची मजुरी अवश्य धरा. बहुतेक शेतकरी ती धरत नाहीत आणि म्हणून कामाचा मोबदला नफ्यासारखा दिसतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे सध्या कराचा विचार दरात करण्याची गरज नाही. तुम्ही खर्चाचे आकडे द्या, मी दर काढून देतो.

अंजीरबाग

खतावणीदादा, आकडे देते. एखाद्या दिवशी केंद्र उघडायचे तर किती माणसे येतात याच्याशी संबंध नसलेला खर्च असा आहे: स्वयंपाकाला दोन बायका प्रत्येकी ५०० प्रमाणे १,०००, वाढायला आणि आवरायला एक माणूस ५००, स्वच्छतागृहांची सफाई आणि पाणी ६००, गावातली बैलगाडी गाडीवानासह १,५००, आम्हा नवरा-बायकोची मजुरी प्रत्येकी ७०० म्हणजे १,४००, आणि शेड, विमा, जाहिरात, भांडी यांची झीज धरून दिवसाला १,२००. हे सगळे मिळून ६,२०० होतात.

माणशी खर्च नाश्ता-चहाचा ५०, जेवणाचा १३०, संध्याकाळच्या चहाचा आणि खाऊचा ३०, गॅस, पत्रावळी व पिण्याचे पाणी २०, आणि तोडून नेऊ दिलेली फळे किंवा भाजी २०, म्हणजे एकूण २५० आहे. शिवारफेरीसाठी गावातलाच एक शिकलेला मुलगा येतो. तो वीस जणांच्या एका तुकडीचे ६०० रुपये घेतो.

खतावणी

छान. आता सरासरी २५ माणसे धरू. दोन तुकड्या, म्हणून मार्गदर्शकाचे १,२००. उघडण्याचे ६,२०० आणि माणशी २५० प्रमाणे ६,२५० मिळून खर्च १३,६५० झाला. माणशी ५४६ पडले. त्यावर ३० टक्के लावले की ७१० होतात. म्हणजे तुमचा ७०० चा दर बरोबर आहे. निश्चिंतपणे सुरू करा.

माळशेजवाट

खतावणी, मजुरी धरण्याचा तुमचा मुद्दा अगदी खरा आहे आणि तो सगळ्यांनी पाळावा. पण सरासरीवर दर काढण्याशी मी सहमत नाही. जुन्नर भागात मी बरीच वर्षे हे केंद्र चालवतो आहे आणि याच हिशेबाने चालणारी दोन-तीन केंद्रे माझ्या डोळ्यांसमोर बंद पडली आहेत.

ताई, तुमच्याकडे रोज २५ माणसे येणार नाहीत. एका रविवारी दोन कुटुंबे मिळून १० माणसे येतील आणि पुढच्या रविवारी ४० जणांचा गट येईल. सरासरी २५ च राहील. आता खरा हिशेब पाहा. १० माणसांच्या दिवशी उघडण्याचे ६,२००, एका तुकडीचे ६०० आणि जेवणखाणाचे २,५०० मिळून ९,३०० खर्च येईल. जमा ७,०००. म्हणजे त्या दिवशी २,३०० रुपयांचा तोटा. ४० जणांच्या दिवशी आणखी एक स्वयंपाकीण लागेल, म्हणून खर्च १७,९०० धरू. गटाचा दर ५६० असल्यामुळे जमा २२,४००, शिल्लक ४,५००. दोन्ही दिवस मिळून हातात २,२०० राहिले. सरासरीच्या हिशेबाने मात्र ७०० च्या दराने ७,७०० दिसत होते. फरक कुठे गेला? जास्त माणसे येतात ते दिवस तुम्ही सवलतीने विकता आणि कमी माणसे येतात ते दिवस पूर्ण दराने, पण तोट्यात. सरासरी ही गोष्ट झाकून टाकते.

दुसरे, तुमची गटाची मर्यादा पंधराची आहे. १५ जणांचा गट ५६० ने ८,४०० देईल. खर्च ६,२०० अधिक ६०० अधिक ३,७५०, म्हणजे १०,५५०. सवलत देऊन तुम्ही २,१५० रुपये पदरचे घालाल. अगदी वीस जण आले तरी ११,२०० जमा आणि ११,८०० खर्च. सवलतीच्या दरात तुमचा गट साधारण २५ च्या पुढे गेला तरच चार पैसे दिसू लागतात.

म्हणून मी असे सांगेन की खर्चाचे तीन भाग डोळ्यांसमोर वेगळे ठेवा: फाटक उघडले की होणारा, तुकडीमागे होणारा आणि ताटामागे होणारा. सवलत फक्त पहिला भाग वाटला जातो म्हणून देता येते. ताटाचे २५० रुपये वीस माणसे असोत की साठ, तितकेच राहतात. टक्क्याची सवलत द्यायची तर ती ताटाच्या पैशांतूनही जाते, आणि तिथे तुमच्याकडे देण्यासारखे काहीच नसते.

खतावणी

आपले म्हणणे गटाच्या दराबाबत मान्य आहे. पण ७०० चा दर सर्वांना एकसारखा ठेवला, सवलतच दिली नाही, तर सरासरीचा हिशेब बऱ्यापैकी जुळतो, हेही लक्षात घ्यावे.

माळशेजवाट

हो, मग बऱ्यापैकी जुळतो. पण सवलतीशिवाय कार्यालयांचे आणि सोसायट्यांचे गट येत नाहीत, आणि तेच तुमचा शनिवार-रविवार भरतात. म्हणून सवलत द्यायची, पण टक्क्याने नाही, एकगठ्ठा रकमेने.

ताईंच्या आकड्यांवर मी असा दर सुचवतो. सुटे येणाऱ्या प्रौढांना ८००. त्या दराने ताटाचे २५० गेल्यावर माणशी ५५० उरतात आणि ६,८०० चा खर्च १३ माणसांत निघतो. ७०० ला तोच १६ माणसांत निघत होता. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना ४००, त्याखाली काही नाही. गटासाठी पहिल्या २० जणांचे मिळून १३,००० आणि पुढच्या प्रत्येकाचे ४५०. वीस जणांना ते ६५० पडतात आणि तुमच्याकडे १,२०० उरतात. तीस जणांचे १७,५०० होतात, खर्च १४,९००, शिल्लक २,६००. चाळीस जणांचे २२,०००, खर्च १७,९००, शिल्लक ४,१००. गटाला मोठे होण्याचा फायदा दिसतो, आणि २० जण सांगून १४ आले तरी तुमचे १३,००० कुठे जात नाहीत. फोनवर हीच गोष्ट सर्वात आधी सांगायची, कारण ऐनवेळी माणसे गळणे हा या व्यवसायातला रोजचा अनुभव आहे.

दरांच्या सांध्यावर मात्र एकदा हात फिरवून पाहावे. १६ जण सुटे आले तर ८०० प्रमाणे १२,८०० होतात, १७ आले तर १३,६००. म्हणजे सतराव्या माणसापासून एकगठ्ठा दर त्यांना स्वस्त पडतो, तो न मागता लावावा. तसे केले नाही तर सतरा जणांना वीस जणांपेक्षा जास्त पैसे पडल्याचे त्यांना घरी गेल्यावर कळते आणि ते पुन्हा येत नाहीत.

सहल कंपन्यांबद्दल एक सावधगिरी. त्या १० टक्के किंवा अधिक दलाली मागतात. २० जणांच्या १३,००० वर १,३०० गेले, आणि शिल्लक तर १,२०० च होती. त्यांना गट पाठवायचा असेल तर किमान ३० जणांचा मागावा, किंवा त्यांच्यासाठी वेगळा दर काढावा.

सोसायटी_सचिव

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. आमच्या पुण्यातल्या सोसायटीची सहल मी दरवर्षी ठरवतो. ८०० रुपये ऐकून आमच्या सभेत पहिला प्रश्न येतो की पिठलं-भाकरीचे ८०० कसे? चांगल्या खाणावळीत थाळी ३०० ला मिळते. शिवाय आमच्यात निम्मे ज्येष्ठ नागरिक असतात, त्यांना शिवारफेरीत चालायचे नसते. त्यांना फेरीशिवायचा दर कमी करून मिळावा, ही मागणी मला रास्त वाटते.

माळशेजवाट

दादा, प्रश्न रास्त आहे, पण फेरी वजा केल्याने शेतकऱ्याचा खर्च किती वाचतो ते पाहा. तीस जणांपैकी दहा जण फेरीला गेले नाहीत, तर एक तुकडी कमी होऊन ६०० वाचतात, म्हणजे माणशी २० रुपये. पाच जण गेले नाहीत तर काहीच वाचत नाही, कारण २५ जणांना दोन तुकड्या लागतातच. त्या वेळी ज्येष्ठांकडे बघायला घरचे कुणीतरी बसते, ते वेगळेच. म्हणून दरात कपात न करता त्यांना त्या वेळेत दुसरे काही द्यावे. आमच्याकडे शेडमध्ये जात्यावर दळण, चुलीवर भाकरी थापणे आणि अंगणात गप्पा असा कार्यक्रम असतो. ज्येष्ठ मंडळी त्यात फेरीपेक्षा जास्त रमतात.

सभेत ८०० च्या प्रश्नाला मात्र आकडेच द्यावेत. ताटाचे २५० सोडून बाकी पैसा दिवसभर तुमच्यासाठी राबणाऱ्या सहा-सात माणसांचा आणि त्या दिवशी दुसऱ्या कामाला न लागलेल्या बैलजोडीचा आहे. खाणावळीत तुम्ही पाऊण तास बसता, इथे साडेसात तास.

सोसायटी_सचिव

हे सभेत सांगता येईल. एक सूचना मात्र करतो: दरपत्रकावर काय समाविष्ट आहे ते स्पष्ट लिहावे. एका ठिकाणी आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळले की बैलगाडीचे पैसे वेगळे आणि पाण्याच्या बाटल्याही वेगळ्या. रक्कम फार नव्हती, पण प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता.

पायवाट

मी सासवड-जेजुरी भागातल्या माळरानावर पक्षीनिरीक्षणाच्या फेऱ्या घेतो, म्हणून फेरीबद्दलच लिहितो. वीस जणांची तुकडी ही शेतफेरीसाठी वरची मर्यादा समजा. बांधावरून माणसे एकामागून एक चालतात, रांग लांबते आणि मागच्यांना मार्गदर्शकाचा आवाज पोहोचत नाही. रांगेचा मागचा अर्धा भाग फोन काढून फोटो घेऊ लागला की समजावे, त्यांची फेरी संपली आहे. यावर उपाय असा की चालताना बोलायचेच नाही. खळ्यावर, गोठ्यापुढे, बागेच्या मोकळ्या कोपऱ्यात, अशा पाच-सहा जागा ठरवायच्या जिथे सगळे अर्धगोलात उभे राहू शकतील, आणि तिथेच बोलायचे. अंजिराच्या झाडाशी पाच मिनिटे पुरतात, जर फळाच्या आत फूल असते हे फळ चिरून दाखवले तर.

पहाटेची पक्षीफेरी हा वेगळा प्रकार आहे. तिला बारा जणांपेक्षा जास्त घेऊ नये आणि ती ८०० मध्ये घालू नये. तिचा दर तुकडीवर ठेवावा. आलेल्या आठ जणांनी तो वाटून घ्यावा किंवा बारा जणांनी.

आणि २१ जणांच्या दिवसाचे काय करणार तेही आधी ठरवा. एकविसावा माणूस सुटा आला तर ८०० देतो, पण त्याचे ताट २५० चे आणि त्याच्यामुळे लागणारी दुसरी तुकडी ६०० ची. मी असे दोन-तीन जण पहिल्याच तुकडीत सामावून घेतो आणि घरातल्या कुणालातरी रांगेच्या शेवटी चालायला सांगतो. २४ च्या पुढे मात्र दुसरी तुकडी करतोच.

अंजीरबाग

माळशेजवाटदादा, पायवाटदादा, मनापासून आभार. गटाचे कोडे आता सुटल्यासारखे वाटते. शाळांचे काय? त्यांना ३५० पेक्षा जास्त सांगायला मन धजत नाही.

सहलवही

मी पुण्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे आणि पाचवी ते सातवीच्या सहलींचे काम माझ्याकडे असते. शाळा तुमचा दर एकटा पाहत नाही. पालकांना सांगण्याची एकच रक्कम ठरते आणि तिच्यातला मोठा वाटा बसभाड्यात जातो. म्हणून तुमच्या दरात ५० रुपयांचा फरक पडला तर आम्ही केंद्र बदलत नाही; पण दर जुलैमध्ये एक आणि डिसेंबरमध्ये दुसरा असेल तर बदलतो, कारण पालकांना पत्र आधीच गेलेले असते. दर वर्षभरासाठी लेखी द्यावा.

शिक्षकांकडून पैसे घेऊ नयेत. साधारण पंधरा मुलांमागे एक शिक्षक असतो. आणि मुलांची अंतिम संख्या तीन दिवस आधी मागावी, पण त्यानंतरही आजारपणामुळे चार-पाच मुले गळतात, तेवढी सूट असावी. पालकांना परत करायचे पैसे शाळेने स्वतःच्या खात्यातून द्यावेत, असे कुठलीच मुख्याध्यापिका मान्य करत नाही.

दराच्या आधी आम्ही ज्या गोष्टी बघतो त्याही सांगते: मुलींसाठी पुरेशी स्वच्छतागृहे, विहिरीला आणि शेततळ्याला कुंपण, कुत्री बांधलेली, प्रथमोपचाराची पेटी आणि सर्वात जवळचा दवाखाना किती दूर आहे ही माहिती. नोंदणीचे प्रमाणपत्रही मागतो. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात शालेय सहलींसाठी किमान ५ एकर क्षेत्राची अट आहे. तुमचे सहा एकर असल्यामुळे अडचण नाही, पण सातबाऱ्याची प्रत तयार ठेवा.

माळशेजवाट

सहलवहीताईंनी नेमके लिहिले आहे. आता हिशेब. शाळेचा दर हा प्रौढांच्या दराचा निम्मा नसतो, तो वेगळ्याच दिवसाचा दर असतो. वार मधला, वेळ दहा ते तीन, नाश्ता हलका, जेवण साधे. मुलांचे ताट माझ्याकडे असे पडते: खाऊ ३०, खिचडी-कढी आणि एक गोड पदार्थ ८०, पत्रावळी-गॅस-पाणी १५, आणि घरी न्यायचे रोप २५. एकूण १५०. दुसरीकडे उघडण्याचा खर्च वाढतो, कारण स्वयंपाकाला तीन बायका, मदतीला दोन माणसे आणि स्वच्छतागृहांवर दुप्पट लक्ष लागते. ताईंच्या आकड्यांत तो ६,२०० ऐवजी ७,६०० होईल.

८० मुले धरा. चार तुकड्यांचे २,४००, मुलांची ताटे १२,०००, सहा शिक्षकांची ताटे ९००, उघडण्याचे ७,६००. एकूण २२,९००. ३५० प्रमाणे जमा २८,०००, शिल्लक ५,१००. चार मुले गळली आणि त्यांचे १,४०० सोडले तरी दिवस चांगला जातो. आता ४५ मुले धरा. एक स्वयंपाकीण कमी करून उघडण्याचे ७,१००, तीन तुकड्यांचे १,८००, मुलांचे ६,७५०, तीन शिक्षकांचे ४५०. एकूण १६,१००, जमा १५,७५०. दर तोच, तरी ३५० रुपयांचा तोटा. ६० मुलांना खर्च १९,००० आणि जमा २१,०००. म्हणून ३५० सांगायला हरकत नाही, पण त्याच वाक्यात किमान ६० मुलांचे, म्हणजे २१,००० रुपये, हेही सांगायचे.

याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे, आणि तिथे पहिल्या वर्षी बहुतेकांची फजिती होते. बैलगाडीत आठ मुले बसतात आणि एक फेरी बारा मिनिटांची. ८० मुलांना दहा फेऱ्या, म्हणजे दोन तास सलग. सगळी मुले गाडीपाशी रांगेत उभी केली तर ७२ मुले एकाच वेळी मोकळी, आणि मग पडझड, भांडणे, गोठ्यात शिरणे सुरू होते. त्यामुळे वीस-वीसच्या चार तुकड्या करून चार ठिकाणे ठेवायची: शिवारफेरी, बैलगाडी, रोप लावणे आणि मैदानी खेळ. प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटे. वीस मुलांच्या तीन फेऱ्या छत्तीस मिनिटांत होतात आणि घंटा वाजली की तुकड्या पुढे सरकतात. ८० च्या वर मुले घेतली की हे गणित मोडते. दुसरी गाडी आणावी लागते आणि शिल्लक तितकी वाढत नाही. १२० मुले आणणाऱ्या शाळेला मी दोन दिवस सांगतो.

खतावणी

३० मुलांच्या दोन शाळा एकाच दिवशी बोलावल्या तर ६० ची अट पूर्ण होईल. हा मार्ग सोपा वाटतो.

सहलवही

कागदावर सोपा आहे. दोन शाळांच्या बसगाड्या वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, जेवणाच्या वेळा जुळत नाहीत, आणि एखादे मूल दिसेनासे झाले तर कोणत्या शाळेने शोधायचे हा गोंधळ होतो. आमची संस्था त्याला परवानगी देत नाही. एकाच संस्थेच्या दोन शाखा असतील तर मात्र जमू शकेल.

माझी खरी अडचण वेगळी आहे. पुरंदरमधल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस मुले असतात. त्यांचे पालक ३५० देऊ शकणार नाहीत आणि ६० ची अट तर शक्यच नाही. माझी मैत्रीण तशा शाळेत शिकवते. त्या मुलांनी काय करायचे?

माळशेजवाट

त्यांच्यासाठी सहलच वेगळी असते. शाळा चालत येण्याइतकी जवळ असेल तर दोन तासांची फक्त शिवारफेरी ठेवा, डबा मुलांचा. बैलगाडी नाही, स्वयंपाकीण नाही. दोन तुकड्यांचे १,२०० आणि ताक-चिक्कीचे माणशी २० धरून ३० मुलांना १,८०० खर्च येतो, म्हणजे मुलामागे ६० रुपये. मी ६० च घेतो. त्यात माझी मजुरी मी धरत नाही.

खतावणी

हे माझ्या मते चुकीचे आहे. मजुरी धरायची ठरली तर सगळीकडे धरावी. नाहीतर असे दिवस वाढत जातात आणि वर्षाच्या शेवटी कुठे पैसा गेला ते कळत नाही. गावच्या शाळेला द्यायचे असेल तर वर्षातले किती दिवस ते आधी ठरवावे आणि जाहिरातीच्या खर्चात टाकावे.

माळशेजवाट

तुमची शिस्त योग्य आहे, पण मी ते जाहिरात म्हणून करत नाही, त्यामुळे त्या खात्यात टाकवत नाही. ताईंनी स्वतःचे ठरवावे.

पायवाट

तीस मुलांच्या फेरीसाठी मी वर्षातून काही वेळा पैसे न घेता येऊ शकेन. पण त्यावर कायमचा हिशेब बसवू नका, मला जमेलच असे नाही.

आगरातली

हुरड्याचे कुणी लिहिले नाही. आमच्या पुण्याच्या पाहुण्यांना जानेवारीत तेच हवे असते. ताईंकडे ज्वारीही आहे.

माळशेजवाट

बरे झाले आठवण केली. हुरडा ८०० मध्ये कधीही घालू नये. हुरड्यासाठी वेगळा वाण लावावा लागतो, सुरती किंवा गुळभेंडी, आणि दाणे दुधात असतात ते मोजकेच दिवस. म्हणून पेरणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने करावी लागते. शिवाय आगटीवर भाजणारा एक आणि कणसे चोळणारे दोघे असे तीन जण दिवसभर अडकतात. त्यांच्या मजुरीचे १,५०० उघडण्याच्या खर्चात वाढतात आणि कणसे, चटण्या, गूळ, दही यांचा खर्च ताटात. हंगामापुरते वेगळे दरपत्रक छापा. हुरडा संपला की ते काढून टाकायचे, कारण फेब्रुवारीअखेर हुरडा मागणारा माणूस जुने पत्रक दाखवून भांडतो.

अंजीरबाग

सर्वांच्या लिखाणावरून नवे दरपत्रक असे तयार केले आहे. सुटे प्रौढ ८००, पाच ते दहा वर्षांची मुले ४००. नाश्ता, जेवण, चहा, पिण्याचे पाणी, बैलगाडी, शिवारफेरी आणि अर्धा किलो फळ किंवा भाजी त्यात धरलेली. सुट्या लोकांचे १३ जण जमले तरच तो रविवार उघडायचा आणि नाही जमले तर गुरुवारी संध्याकाळी कळवून पैसे परत करायचे. गट २० जणांपर्यंत १३,०००, पुढे माणशी ४५०. शाळा ३५०, किमान २१,०००, जास्तीत जास्त ८० मुले, पंधरा मुलांमागे एक शिक्षक विनामूल्य, तीन दिवसांच्या आतली पाच टक्क्यांपर्यंतची गळती माफ. गावच्या शाळेची फेरी ६० रुपये. महिन्यातून एक दिवस, तोही बुधवार. मजुरीबाबत खतावणीदादांचे म्हणणे मला पटते आणि माळशेजवाटदादांचेही, म्हणून दिवसांची मर्यादा घातली आहे.

दोन गोष्टी अजून सुटत नाहीत. गटाकडून आगाऊ किती घ्यावेत? आणि अवकाळी पाऊस आला तर त्याचे काय करायचे?

माळशेजवाट

आगाऊ निम्मे घ्या, कारण किराणा आणि मजूर दोन दिवस आधी सांगावे लागतात. पावसाने रद्द झाले तर मी पैसे परत न करता पुढची तारीख देतो.

सोसायटी_सचिव

पुढची तारीख आम्हाला चालत नाही. तीस घरांची सोय पुन्हा जुळत नाही. निम्म्यातले निम्मे तरी परत मिळावेत.

सहलवही

शाळेलाही पुढची तारीख परीक्षांमुळे देता येत नाही. शिवाय आमची संस्था आगाऊ रक्कम निम्मी कधीच देत नाही, फार तर २० टक्के, आणि तीही धनादेशाने.

अंजीरबाग

२१,००० चे २० टक्के म्हणजे ४,२००. तेवढ्यात रोपे आणि थोडा किराणा येतो, मजूर येत नाहीत. शाळांसाठी तेवढ्यावर तयारी करता येईल असे वाटते, पण घरी बोलून मगच लिहिते. गटांच्या बाबतीत पावसाची अट काय ठेवली आहे, हे आणखी कुणी केंद्र चालवत असेल तर सांगावे.